पीटी स्लॅबमधले ‘साधे’ भोक

पोस्ट-टेन्शन्ड म्हणजे पीटी स्लॅबला एसीच्या पाइपसाठी भोक पाडणे ‘साध्या स्लॅबसारखेच’ आहे, हे नागपूरच्या नव्या व्यापारी संकुलांविषयीच्या एका पत्रातील विधान चुकीचे आहे. साध्या स्लॅबमधली सळई भार आल्यावर ताण घेते. पीटी केबल मात्र सदैव ताणलेलीच असते. 12.7 मिमीच्या एका स्ट्रँडमध्ये सुमारे 14 टनांचा ताण असतो आणि पत्र्याच्या एका चपट्या डक्टमध्ये असे तीन ते पाच स्ट्रँड असतात.

केबल सरळ जात नाही. खांबांपाशी ती स्लॅबच्या वरच्या अंगाला असते, दोन खांबांच्या मधोमध तळाजवळ उतरते. तिथे डक्टखाली जेमतेम 25-30 मिमी काँक्रीट उरते. फॉल्स सीलिंगच्या अँकरसाठी खालून 40 मिमी भोक पाडणारा गडी नेमका तिथेच फसतो.

डक्टमध्ये ग्राउट नीट भरलेले असेल, तर तुटलेला स्ट्रँड थोड्या अंतरावर पुन्हा पकड घेतो. नुकसान तेवढ्या भागापुरते राहते. ग्राउट पोकळ असेल किंवा केबल ग्राउटविना ग्रीसमधली असेल, तर अख्ख्या लांबीतला ताण जातो. सुटलेली तार टोकाच्या अँकरातून किंवा स्लॅब फोडूनही उसळू शकते.

म्हणून आधी केबलचा नकाशा पाहावा, मग रडारने स्कॅन करून खडूने रेघा आखाव्यात. भुकटीत चकचकीत पत्र्याचा कीस दिसला की ड्रिल तिथेच थांबवून स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे. बाजूला सरकून दुसरे भोक पाडू नये.