साबुदाणा आहे, पण नाही

दुकानात माल नसला की दुकानदाराने ‘नाही’ म्हणावं आणि गिऱ्हाइकाने पिशवी काखोटीला मारून पुढचं दुकान धरावं, अशी आमच्या रत्नागिरीत आजवरची रीत. या आठवड्यात मात्र मला सांगण्यात आलं की साबुदाणा आहे. डब्यात नाही, मागच्या खोलीत नाही, माळ्यावर नाही; पण आहे. साडेतेरा किलो आहे. आणि पट्टी हिरवी आहे.

श्रावणी सोमवार होता. मी उपास करत नाही, उपासाचं खातो, हे या सदराच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. दुकान रामआळीतलं. नाव देत नाही, कारण उधारी तिथेच आहे. दुकानदार काकांचा पुतण्या पुण्याला शिकून आलाय आणि त्याने गल्ल्याशेजारी मोठी स्क्रीन लावली आहे. तिच्यावर प्रत्येक जिनसाची एक आडवी पट्टी आणि पट्टीवर एक उभी रेघ. माल रेघेच्या वर असला की पट्टी हिरवी, रेघेजवळ आला की पिवळी, खाली गेला की लाल. लाल दिसली की मागणी नोंदवायची.

रेघ कुठे मारायची याचं गणित सोपं आहे. रोजचा खप गुणिले माल यायला लागणारे दिवस, अधिक थोडी शिल्लक हाताशी. साबुदाणा रोज दोन किलो जातो, फोन केल्यापासून कोल्हापूरचा माल यायला चार दिवस, म्हणून आठ. वर दोन दिवसांची बेगमी, म्हणजे बारा. हे १९३४ साली विल्सन नावाच्या अमेरिकनाने शास्त्रशुद्ध मांडलं, असं पुतण्याने मला ऐकवलं. काका म्हणाले, “आमचे वडील शेवटचं पोतं फोडलं की कोल्हापूरला निरोप धाडायचे. तीच रेघ.” पुतण्याला ते पटलं नाही. मला पटलं.

बारावर रेघ आणि शिल्लक साडेतेरा, तेव्हा स्क्रीनच्या मते सगळं आलबेल. “अरे, पण डबा रिकामा आहे ना?” मी म्हटलं. “सिस्टीममध्ये दिसतोय, काका,” तो मला म्हणाला. मलाही काकाच म्हणतो. दोन्ही काका गप्प.

मी हट्टाने गल्ल्यामागे गेलो आणि पट्ट्या खाली सरकवायला लावल्या. ‘साबुदाणा मोठा’ साडेतेरा किलो, हिरवा. त्याच्या बरोब्बर खाली ‘साबुदाणा बारीक’, शिल्लक उणे अकरा किलो. उणे अकरा किलो साबुदाणा म्हणजे काय, हे मी डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. झालं होतं ते साधंच. वजन करणारा पोरगा ‘साबु’ एवढं टाइप करतो आणि यादीत पहिलं नाव येईल त्यावर बोट ठेवतो. पहिलं नाव बारीकचं. डब्यातून मोठा जातोय आणि बिलात बारीक. अकरा किलोंचा हिशेब तिथेच लागला. उरलेले अडीच किलो सांडलवंड, फाटकं पोतं आणि काकांनी प्रत्येक पुडीत टाकलेली वरची चिमूट. सुट्या मालात ही घट धरावीच लागते. पोत्यावर ५० लिहिलेलं असलं, तरी तराजूवरून ५० किलो कधीच विकले जात नाहीत.

या स्क्रीनवर मला लाल पट्टीची भीती वाटत नाही. लाल दिसली की कोणी तरी उठून डबा तरी बघतो. हिरव्या पट्टीकडे कोण बघतंय? खोटी हिरवी पट्टी ओळखायची खूण एकच: जो जिन्नस एरवी रोज खपतो, शिल्लक भरपूर दिसतेय, आणि तीन दिवसांत एक बिल नाही, तिथे जाऊन डब्यात हात घालावा. पुतण्याने तिथल्या तिथे अशी यादी काढली. तिच्यात साबुदाणा होताच, शिवाय राजगिरा आणि वातींचं पाकीटही निघालं.

मला चीड आली ती पुढच्या गोष्टीची. रोजचा खप हे यंत्र कशावरून काढतं, तर मागच्या तीस दिवसांच्या बिलांवरून. डबा चार दिवस रिकामा राहिला की त्या चार दिवसांचा खप शून्य. सरासरी उतरली, की तिच्याबरोबर रेघही उतरली. म्हणजे माल मिळाला नाही म्हणून खपला नाही, आणि खपला नाही म्हणून पुढच्या वेळी आणखी उशिरा मागवा! माझ्यासारखी रिकाम्या पिशवीने परत गेलेली माणसं त्या तीस दिवसांत कुठेच नाहीत. यंत्राला आमचा पत्ताच नाही.

काकांना होता. गल्ल्याखालच्या खणातून त्यांनी एक लांबट वही काढली. ते तिला ‘नाही-वही’ म्हणतात. कोणी काही मागितलं आणि दुकानात नसलं, की त्यात एक ओळ. ‘मोठा साबुदाणा, दोन जणी.’ ‘कोकमाचं आगळ, एक, मुंबईकर.’ एका पानावर ‘पातळ पोहे’ समोर इतक्या उभ्या रेघा होत्या की काकांनी शेवटी पोहेच बदलले. स्क्रीन आल्यापासून वही बंद होती. पुतण्या ती उभ्या उभ्या अर्धा तास वाचत होता आणि गिऱ्हाइकं खोळंबली होती. मग त्याने बिलाच्या बटणांशेजारी ‘मागितलं, नव्हतं’ असं एक बटण केलं. पोरगा ते दाबेल की नाही, हा वेगळा प्रश्न.

आता गणपती. गूळ एरवी या दुकानात रोज सहा किलो जातो. चार दिवसांचे चोवीस, दोन दिवसांची बेगमी बारा, रेघ छत्तिसावर. चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात चाकरमानी उतरले की तोच गूळ रोज वीस किलो जातो. छत्तीस किलो दोन दिवसही पुरत नाही आणि माल येणार चार दिवसांनी. बाकीचे दिवस मोदक कशाचे करायचे? तेही आंबा घाट नीट असला तर. २०२१ च्या जुलैत घाटात दरडी आल्या, रस्ता खचला, तेव्हा ‘चार दिवस’ या आकड्याला काही अर्थ राहिला नव्हता. यंत्राची सरासरी हळूहळू दहावर पोचते, रेघ साठावर जाते, पण तोवर विसर्जन झालेलं असतं. चाकरमानी मुंबईला परत, आणि स्क्रीनवर त्यांचा मुक्काम आणखी महिनाभर. रोज सहाच किलो जाणाऱ्या गुळाची पट्टी शिल्लक पन्नास असतानाही लाल होऊन बोंबलत राहते.

तेव्हा गुळाची रेघ हाताने बदलायची असं ठरलं. वीस गुणिले चार ऐंशी, वर दोन दिवसांचे चाळीस, एकशेवीस किलो; आणि ती चाकरमानी यायच्या आठवडाभर आधी बदलायची, विसर्जनानंतर पुन्हा छत्तिसावर आणायची. पुतण्याने आकडा घातला मात्र, गुळाची पट्टी भडक लाल झाली. त्याला फार समाधान वाटलं.

“दहा दहा किलोच्या बारा ढेपा,” काका म्हणाले. “पावसाळ्यात पाझरतात. मुंग्या येतात. ठेवू कुठे?”

मागच्या खोलीतली कोरडी जागा एकच आहे. तिथे सध्या स्क्रीनचं खोकं ठेवलंय, वॉरंटी असेपर्यंत टाकायचं नाही म्हणून.