शून्य टक्के, पण कोणत्या महिन्यापर्यंत?

समजा, गणपतीपुळ्यात पर्यटकांवर धंदा चालवणाऱ्या आपल्या एका तरुणाच्या कार्डावर 60,000 रुपये थकले आहेत. महिना साडेतीन टक्क्यांनी व्याजच 2,100 रुपये. व्याजातून सुटायला तो ही बाकी दुसऱ्या बँकेकडे वळवतो: तीन महिने बिनव्याजी, प्रोसेसिंग फी दोन टक्के, जीएसटी धरून 1,416 रुपये. फायदाच दिसतो. पण जूनमध्ये घेतलेली मुदत ऑगस्टअखेर संपते आणि किनाऱ्यावर गर्दी होते दिवाळीत! तोवर पाच टक्के किमान रक्कमच भरली, तर उरलेल्या 51 हजारांवर सप्टेंबरपासून नेहमीचे व्याज चढते. सहा महिन्यांची मुदत मिळाली, तरच दिवाळीच्या कमाईतून फेड जमेल. त्या कार्डावर नवी खरेदी मात्र नको. बाकी असताना तिच्यावर सहसा पहिल्या दिवसापासून व्याज लागते.