जुळ्यांची ताटातूट

मोबाइलच्या स्पीकरमधल्या चुंबकातले निओडिमियम आपल्या चाकूरच्या काळ्या दगडातही आहे, पण अगदी विखुरलेले. त्याचे मोठे आयन नेहमीच्या खनिजांत सहज मावत नाहीत. शिलारस थिजताना ते शेवटी उरलेल्या रसात साचतात. आपला लाव्हा पृष्ठभागावर पसरून लवकर थिजला. गुजरातमधल्या अंबाडोंगरच्या कार्बोनेटी खडकात मात्र अशी मूलद्रव्ये साचली.

तरी खरे कष्ट पुढेच आहेत. निओडिमियम आणि प्रेसिओडिमियम यांचा विद्युतभार सारखा, आकारात फरक किंचित. दोघांचे आम्लातले द्रावण तेलकट द्रावकात घुसळले, की निओडिमियम त्यात थोडे जास्त उतरते. समजा, ५०-५०चे ६०-४० झाले. तेच पुन्हा घुसळले तर ६९-३१. म्हणूनच आम्ही मुलांना सांगतो, शुद्ध निओडिमियमसाठी अशा टाक्यांची लांबच लांब रांग लागते.