खिचडीच्या ताटात प्रथिनं शोधून दाखवा!

नवरात्र तोंडावर आलंय. किराणा दुकानांच्या दारात साबुदाण्याची पोती लागलीत, हॉटेलांवर ‘उपवासाचे पदार्थ मिळतील’चे फलक चढलेत आणि व्हॉट्सॲपवर ‘उपवासाचं विज्ञान’ सांगणारे फॉरवर्ड फिरायला लागलेत. उपवासाने शरीर शुद्ध होतं, पोटाला विश्रांती मिळते, साबुदाणा पचायला हलका वगैरे. म्हणून थोडं स्पष्ट लिहितोय. काहींना राग येईल. येऊ द्या, पण आधी पूर्ण वाचा.

सुरुवातीलाच सांगतो, माझं भांडण उपवासाशी नाही, देवीशी तर नाहीच नाही. ज्याची श्रद्धा त्याने जरूर करावा. माझं भांडण आहे ते ताटाशी. उपवासाच्या नावाखाली आपण घरातल्या बाईच्या पुढ्यात जे ठेवतो, त्या ताटाशी.

आधी साबुदाणा म्हणजे काय ते बघू. हे धान्य नाही, बी नाही, कुठल्या झाडाला लागत नाही. तामिळनाडूत सेलमच्या बाजूला टॅपिओका नावाच्या कंदाचं पीक घेतात. कंद सोलतात, किसून लगदा करतात आणि तो पाण्याने धुऊन खाली बसणारी पांढरी खळ तेवढी घेतात. त्या ओल्या खळीचे गोळे वळून, भाजून, वाळवले की झाला साबुदाणा. या सगळ्या धुण्यात चोथा गेला आणि मुळात कंदात जी थोडीफार प्रथिनं होती तीही गेली. उरला निव्वळ स्टार्च. १०० ग्रॅम साबुदाण्यात ८७ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं आणि प्रथिनं अर्धा ग्रॅमसुद्धा नाहीत. थोडक्यात, खादीच्या कपड्याला घालतो त्या खळीचा हा भाऊ.

आता एक प्लेट खिचडी मांडू. घरी साधारण एक वाटी साबुदाणा, अर्धी वाटी दाण्याचं कूट, एक बटाटा, दोन-तीन चमचे तूप असं प्रमाण असतं आणि त्यात दोघांचं होतं. म्हणजे एका माणसाच्या वाट्याला ७५ ग्रॅम कोरडा साबुदाणा, २५ ग्रॅम कूट, ५० ग्रॅम बटाटा आणि १५ ग्रॅम तूप. कर्बोदकं होतात ७५ ते ८० ग्रॅम. कॅलरी साडेपाचशेच्या पुढे. आणि प्रथिनं? जेमतेम ७ ग्रॅम. त्यातली ६ ग्रॅम एकट्या कुटातली. बटाट्याची एक ग्रॅमला कमीच, कारण बटाट्यात पाऊण हिस्सा पाणीच असतं. साबुदाण्याचा वाटा शून्याला टेकलेला.

याच्या शेजारी रोजचं जेवण ठेवा. ज्वारीच्या दोन भाकरी आणि वाटीभर वरण. कॅलरी जवळपास तेवढ्याच, पण प्रथिनं १८-१९ ग्रॅम. आता सांगा, हलकं कुठलं आणि भारी कुठलं? खिचडी खाऊन डोळ्यांवर झापड येते आणि दोन-अडीच तासांत पुन्हा पोटात खड्डा पडतो, तो काही देवीचा कोप नाही. स्टार्च भराभर पचतो, रक्तातली साखर चढते आणि तशीच उतरते. पोट धरून ठेवायला प्रथिनं लागतात, चोथा लागतो. ते ताटात नसेल तर भूक लागणारच. मग वेफर्स, मग वडा, मग केळं. एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण आपल्याकडे उगाच पडलेली नाही.

आता नऊ दिवसांचा हिशेब. समजा ५५ किलो वजनाची एक बाई आहे. इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चच्या शिफारशीप्रमाणे तिला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम प्रथिनं हवीत. तिचा उपवासाचा दिवस कसा जातो? दोन वेळचा चहा, दोन राजगिऱ्याचे लाडू, दुपारी खिचडी, संध्याकाळी उकडलेल्या बटाट्याची भाजी, रात्री एक केळं आणि कपभर दूध. बेरीज केली तर प्रथिनं २० ते २२ ग्रॅम. निम्म्याहून कमी. कर्बोदकं मात्र १८० ग्रॅमच्या पुढे. आणि ही बाई घरात बसून नसते. सोयाबीन काढायला जाते, धुणंभांडी करते, वर घट बसलेत म्हणून चार पाहुण्यांचं करते.

एका दिवसाने काही बिघडत नाही, हे मलाही कळतं. धडधाकट माणसाला नऊ दिवसही निभतात. पण आपल्याकडे गोष्ट नऊ दिवसांवर थांबते का? सोमवार आणि शनिवार धरणारीचे वर्षाला १०४ दिवस झाले. त्यात महिन्याच्या दोन एकादश्या, चतुर्थी, श्रावण. वर्षाचा तिसरा हिस्सा ती असं जेवते आणि उरलेले दिवसही सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं वरण तिच्या वाट्याला येतं. मग अंगात त्राण नाही, पाय दुखतात, केस गळतात अशा तक्रारी सुरू झाल्या की आपण म्हणतो, ‘वय झालं आता.’ कारणं बरीच असू शकतात, पण ताटाकडे कुणी बघतच नाही.

इथे कुणीतरी म्हणणार, ‘राजगिरा खातोच की आम्ही.’ खाताय, पण कसा? राजगिऱ्याच्या दाण्यात १०० ग्रॅमला १३-१४ ग्रॅम प्रथिनं असतात, गव्हापेक्षा थोडी जास्तच. शिवाय धान्यात आणि शेंगदाण्यात कमी पडणारं लायसिन नावाचं अमिनो आम्ल राजगिऱ्यात चांगलं असतं. म्हणून राजगिरा आणि शेंगदाणा ही जोडी एकमेकांची उणीव भरून काढते. पण लाडू म्हणजे राजगिरा नव्हे. लाही फुगलेली असते, दिसायला भरपूर आणि वजनाला काहीच नाही. वीस ग्रॅमच्या लाडवात निम्मा गूळ. प्रथिनं एक-दीड ग्रॅम. राजगिरा खायचा तर पिठाचा खायचा, भाकरी किंवा थालीपीठ करून.

मग त्याच बाईचा दिवस बदलून बघू. उपवास मोडायचा नाही, यादीबाहेरचं काही नाही. सकाळी ८० ग्रॅम राजगिऱ्याच्या पिठात एक छोटा उकडलेला बटाटा कुस्करून थालीपीठ, सोबत वाटीभर दही. इथेच १७ ग्रॅम झाली. दुपारी वरईचा भात आणि ४० ग्रॅम दाण्यांची आमटी, ती १५ ग्रॅम. संध्याकाळी मूठभर भाजलेले शेंगदाणे, ६ ग्रॅम. रात्रीचं कपभर दूध आणि दोन वेळचा चहा मिळून ८. बेरीज ४६. म्हणजे चालणाऱ्या पदार्थांतूनच गरज भागते. दाण्याची आमटी आणि वरईचा भात आपल्या आज्या करतच होत्या. आपण तो सोडून वड्याच्या मागे लागलो.

‘पण परंपरा आहे साबुदाण्याची!’ कुठली परंपरा? टॅपिओका आणि बटाटा दोन्ही मूळचे दक्षिण अमेरिकेतले. पोर्तुगीज इकडे आल्यानंतरच ते आपल्याला माहीत झाले. सेलमचा साबुदाणा उद्योग तर विसाव्या शतकातला. शेंगदाणाही तिकडचाच, राजगिऱ्याचा दाणाही अमेरिका खंडातलाच. म्हणजे उपवासाची यादी आपल्या पूर्वजांनी काळाप्रमाणे बदलत आणली. त्यांनी नवीन पदार्थ आत घेतले, तर आपण त्यांतलं प्रमाण बदललं तर कुठला धर्म बुडतो?

दुसरा आक्षेप, ‘उपवास म्हणजे देहदंड, तिथे प्रथिनं कसली मोजता?’ मान्य. मग खरोखर कमी खा. पाणी आणि फळावर राहणाऱ्याला मी हात जोडतो. पण तेल पिऊन टम्म झालेले चार वडे चटणीत बुडवून खायचे आणि त्याला देहदंड म्हणायचं, हे देवीलाही कळत असणार.

मधुमेह असलेल्यांसाठी वेगळं लिहितो. गोळी किंवा इन्सुलिन नेहमीसारखं घ्यायचं, दिवसभर काही खायचं नाही आणि रात्री बचकभर खिचडी, हा खेळ जिवावरचा आहे. दिवसा साखर खाली जाते. हात थरथरतात, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. तेव्हा उपवास बाजूला ठेवून लगेच साखर तोंडात टाकायची. आणि रात्री तीच साखर वर उडी मारते. डॉक्टरांना आधी विचारून गोळीचं ठरवा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांची गरज ४६ हून बरीच वर जाते, त्यांना नऊ दिवस धरायला लावू नका. आणि ज्यांना किडनीचा त्रास आहे त्यांनी माझा वरचा हिशेब वापरू नये. त्यांना प्रथिनंही मोजून लागतात आणि बटाटाही.

शेंगदाणा म्हणजे अमृत असंही म्हणत नाही. त्यात जवळपास निम्मं तेल असतं, म्हणून मुठीने खायचा, पातेल्याने नव्हे. काळपट, सुरकुतलेला, कडू लागणारा दाणा टाकून द्यायचा, भाजून कुटात ढकलायचा नाही. बुरशीचं विष भाजल्याने जात नाही.

आता जबाबदार मंडळींना दोन शब्द. मेस चालवणारे दादा, शेंगदाणा महाग झाला की तुमच्या खिचडीतलं कूट पहिलं गायब होतं. पोरं पाहतात ना. खिचडी पांढरीफटक, चिकट आणि वरून तेलाने चमकणारी असेल तर कूट मारलंय हे डोळ्यांना दिसतं. सात ग्रॅमचे मग तीन होतात आणि पैसे मात्र ‘स्पेशल उपवास’ म्हणून जास्त. आणि मंडळाचे कार्यकर्ते हो, अष्टमीला खिचडीचं वाटप करता, चांगलं करता. यंदा त्याच पैशात खिचडी थोडी कमी करा आणि प्रत्येकाच्या हातावर मूठभर भाजलेले शेंगदाणे अन् ग्लासभर ताक द्या. फोटो तेवढाच चांगला येतो.

आम्ही पत्रकारसुद्धा भगरीतून विषबाधा झाली की चार कॉलमची बातमी करतो. रोजच्या ताटातून प्रथिनं गायब होतात त्याची बातमी होत नाही, कारण तिथे कुणी दवाखान्यात रांगेने झोपलेलं दिसत नाही.

घटस्थापनेच्या दिवशी घरात एवढंच विचारा: ‘आई, आज तुझ्या ताटात शेंगदाणे किती, दही किती?’ उत्तर ‘मला काय, चालतं कसंही’ असं आलं, तर उठा आणि दाण्याची आमटी तुम्ही करा. अर्ध्या तासात होते.