भ्रष्टाचार मोजायचा कोणाच्या नजरेने?

२०२० च्या ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनलच्या भ्रष्टाचार धारणा निर्देशांकात भारताला १०० पैकी ४० गुण होते, बांगलादेशला २६. गुण जास्त, तितका भ्रष्टाचार कमी. त्याच वर्षी त्याच संस्थेने सामान्य नागरिकांना विचारले, तेव्हा सरकारी सेवा घेताना लाच दिल्याचे भारतात ३९ टक्क्यांनी सांगितले, बांगलादेशात २४. क्रमच उलटला! निर्देशांक तज्ज्ञ आणि उद्योजकांच्या मतांवर उभा असतो. दाखल्यासाठी खेटे घालणारा त्यात नसतोच. म्हणून सुशासनावरच्या असाइनमेंटमध्ये वस्तीतल्या प्रश्नांसाठी आम्ही सर्वेक्षणाला जास्त वजन देतो. मात्र मोठ्या टेंडरमधली टक्केवारी त्यात सापडत नाही. आणि लाच परवडणार नाही म्हणून कार्यालयाची पायरीच न चढणारा? टक्के काढतात ते सेवेसाठी गेलेल्यांतूनच. तो तिथूनही गळतो.