दहातली तीनच का उरली?

आयव्हीएफ उपचार घेणाऱ्या जोडप्याला पहिल्या आठवड्यात लॅबमधून दोन-तीन फोन येतात. समजा दहा स्त्रीबीजं मिळाली. दुसऱ्या दिवशी कळतं की सात फलित झाली. तिसऱ्या दिवशी सहा नीट वाढताहेत. आणि पाचव्या दिवशी आकडा तीनवर येतो. घरात सगळ्यांचे चेहरे उतरतात. लॅबमध्ये काही बिघडलं का, आपण काही खायला-प्यायला चुकलो का, असे प्रश्न सुरू होतात. सासूबाईंपासून शेजारणीपर्यंत प्रत्येकीकडे एक कारण तयार असतं.

खरं कारण समजून घ्यायचं तर त्या पाच-सहा दिवसांत काय घडतं ते पाहावं लागेल. नैसर्गिक गर्भधारणेतही हेच सगळं गर्भनलिकेत घडतं. फरक इतकाच, की तिथे मोजायला कोणी नसतं.

स्त्रीबीज ही शरीरातल्या सर्वांत मोठ्या पेशींपैकी एक. तिचा व्यास मिलिमीटरच्या साधारण दहाव्या भागाइतका, म्हणजे नजर चांगली असेल तर बारीक ठिपका दिसावा एवढा. तिच्याभोवती एक पारदर्शक, चिवट कवच असतं. एक शुक्राणू आत शिरला की स्त्रीबीज लगेच या कवचात असा बदल घडवतं, की दुसऱ्याला सहसा आत येता येत नाही. मग साधारण सोळा ते अठरा तासांनी सूक्ष्मदर्शकाखाली पेशीच्या आत शेजारी शेजारी दोन गोल दिसतात. एक आईच्या गुणसूत्रांचा, एक वडिलांच्या. हे दोन गोल दिसले, की लॅब ‘फलित झालं’ असं लिहिते. आपल्या उदाहरणात दहांपैकी एक बीज पक्वच झालेलं नव्हतं, एकात गोल दिसले नाहीत, आणि एकात दोनऐवजी तीन दिसले. तीन म्हणजे गुणसूत्रांचा एक संच जास्त. असं बीज बाजूला ठेवतात. उरली सात.

फलनानंतर साधारण एका दिवसाने पहिलं विभाजन होतं. दुसऱ्या दिवशी चार पेशी, तिसऱ्या दिवशी सुमारे आठ. इथे एक गंमत आहे. पेशी वाढतात, पण भ्रूण मोठा होत नाही! एका लाडवाचे दोन, दोनाचे चार तुकडे करावेत तशी ती एकच मोठी पेशी आतल्या आत वाटली जाते. कवच तेवढंच, माल तेवढाच.

आणि हा माल कोणाचा? जवळजवळ सगळा आईच्या बीजातला. प्रथिनं, ऊर्जा तयार करणारे घटक, कामाच्या सूचना, सगळं स्त्रीबीजाने महिनोन् महिने आधीच साठवून ठेवलेलं असतं. शुक्राणू गुणसूत्रं आणतो, विभाजनाला लागणारी थोडी सामग्री आणतो, पण शिदोरी आईची. पहिले दोन दिवस भ्रूण याच शिदोरीवर चालतो. त्याची स्वतःची जनुकं तोवर बहुतांशी गप्पच असतात.

चार ते आठ पेशींच्या दरम्यान, म्हणजे साधारण तिसऱ्या दिवशी, मानवी भ्रूणाची स्वतःची जनुकं जोमाने कामाला लागतात. आईच्या सूचना संपत आलेल्या असतात आणि आता आई-वडील दोघांकडून आलेल्या जनुकांनी कारभार हातात घ्यायचा असतो. कित्येक भ्रूण नेमके याच टप्प्याच्या आसपास थांबतात. म्हणून तिसऱ्या दिवशी छान दिसणारा भ्रूण पाचव्या दिवसापर्यंत पोचेलच, असं कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. तिसऱ्या दिवसापर्यंत आपण मुख्यतः बीजाची तब्येत पाहत असतो. भ्रूणाची स्वतःची परीक्षा त्यानंतर सुरू होते.

थांबण्यामागे बऱ्याचदा गुणसूत्रांची चुकलेली संख्या असते. एखादं जास्त, एखादं कमी. ही चूक बहुतेक वेळा स्त्रीबीज तयार होतानाच झालेली असते, आणि पस्तिशीनंतर तिचं प्रमाण वेगाने वाढतं. काही चुका फलनानंतरच्या विभाजनांतही होतात. त्या आठवड्यात पपई खाल्ली की जिना चढला, याचा त्याच्याशी संबंध नाही. लॅबमधल्या भ्रूणाला तर तुमच्या जेवणाचा पत्ताही नसतो. आपल्या सातांपैकी एक दोन पेशींवरच अडकला, म्हणून तिसऱ्या दिवशी सहा.

चौथ्या दिवशी पेशी एकमेकींना इतक्या घट्ट बिलगतात की त्यांच्या कडा ओळखू येत नाहीत. तुतीच्या फळासारखा हा गोळा, त्याला मोरुला म्हणतात. शरीरात असेल तर याच सुमारास तो गर्भनलिकेतून गर्भाशयात उतरतो. तोपर्यंत ते कवच दोन कामं करतं. सुट्या पेशी एकत्र धरून ठेवतं आणि भ्रूणाला वाटेत नलिकेच्या भिंतीला चिकटू देत नाही.

पाचव्या दिवशी पहिल्यांदा पेशींची कामं वेगळी झालेली स्पष्ट दिसतात. बाहेरच्या पेशी क्षार आत ओढतात, त्यांच्यामागे पाणी येतं, आणि मध्ये पोकळी तयार होते. हाच ब्लास्टोसिस्ट. कडेचा पातळ थर पुढे वार तयार करण्यात भाग घेईल. आत एका बाजूला चिकटलेल्या पेशींच्या छोट्या गोळ्यातून बाळ घडेल. म्हणजे ज्याला आपण ‘पाच दिवसांचं बाळ’ म्हणतो, त्यातल्या बहुतेक पेशी बाळाच्या नसतातच.

रिपोर्टवर 4AA, 3BB असं लिहिलेलं असतं, तेही आता वाचता येईल. आकडा म्हणजे पोकळी किती फुगली आहे. पहिलं अक्षर आतल्या गोळ्यासाठी, दुसरं बाहेरच्या थरासाठी. A म्हणजे दिसायला उत्तम. पण ‘दिसायला’ हा शब्द महत्त्वाचा. AA भ्रूणातही गुणसूत्रांची चूक असू शकते, आणि BB मधून धडधाकट बाळं जन्माला येतात. सहांतले दोन मोरुला होण्याआधीच थांबले आणि एकात पोकळी धरली नाही. असे उरले तीन.

सहाव्या-सातव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट फुगतो, कवच पातळ होतं आणि तो त्यातून बाहेर सरकतो. आता चिकटायला मोकळा. गर्भाशयाच्या अस्तराला तो धरू लागला आणि बाहेरचा थर आत शिरू लागला, की मगच गर्भारपणाचं हॉर्मोन आईच्या रक्तात मोजता येण्याइतकं पोचतं. या पहिल्या आठवड्यात घरची लघवी तपासणी करून उपयोग नाही. मळमळ, पोटात ओढ जाणवली तर ती बहुधा पाळीच्या उत्तरार्धातल्या किंवा उपचारात दिलेल्या हॉर्मोनची. पाळीची तारीख उलटू द्या, किंवा आयव्हीएफमध्ये डॉक्टरांनी दिलेल्या तारखेलाच रक्त तपासा.