"ड्रिफ्ट लिमिटमध्ये आहे" म्हणजे पार्किंगचा मजला सुरक्षित आहे असं नाही

परवा एका सोसायटीच्या मीटिंगला गेलो होतो. पुण्यातलीच, खाली पार्किंग आणि वर पाच मजले. टेबलावर स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट होता. सेक्रेटरींनी शेवटचं पान उघडून दाखवलं, "बघा सर, ड्रिफ्ट परमिसिबल लिमिटमध्ये आहे असं लिहिलंय. आता भूकंपाचा विषय संपला ना?" पहिल्या रांगेतले एक काका म्हणाले, "मग पार्किंगमध्ये भिंती घालायचा खर्च कशाला? चार गाड्यांची जागा जाते." त्या मीटिंगमध्ये सगळं समजावून सांगता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. पोस्ट लांब आहे, पण तुमची इमारत स्टिल्टवर उभी असेल तर वाचाच.

आधी ड्रिफ्ट म्हणजे काय ते. भूकंपात जमीन आडवी हलते आणि इमारत डोलते. एखाद्या मजल्याचा वरचा स्लॅब त्याच मजल्याच्या खालच्या स्लॅबपेक्षा जेवढा बाजूला सरकतो, तो त्या मजल्याचा ड्रिफ्ट. गच्ची एकूण किती हलली याच्याशी त्याची गल्लत करायची नाही. आयएस १८९३ (भाग १) : २०१६ या कोडप्रमाणे, डिझाइनचं आडवं बल लावल्यावर कोणत्याही मजल्याचा ड्रिफ्ट त्या मजल्याच्या उंचीच्या ०.००४ पटीपेक्षा जास्त असता कामा नये. म्हणजे ३.२ मीटर उंचीच्या पार्किंगला १२.८ मिलिमीटर आणि ३ मीटरच्या वरच्या मजल्यांना १२ मिलिमीटर.

आता एक नमुन्याची इमारत घेऊ. आकडे उदाहरणाचे आहेत, पण आपल्याकडच्या वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या कितीतरी इमारती अशाच निघतील. पार्किंग अधिक पाच मजले, २३० बाय ४५०चे वीस कॉलम, एकूण वजन सुमारे २१६० टन. पुणे झोन ३ मध्ये येतं. कोडच्या सूत्राने अशा इमारतीवर वजनाच्या ४ टक्के, म्हणजे साधारण ८६ टन आडवं बल धरायचं.

बहुतेक ऑफिसांत मॉडेल करताना फक्त कॉलम, बीम आणि स्लॅब काढतात. विटांच्या भिंतींचं वजन धरतात, पण भिंत स्वतः मॉडेलमध्ये नसते. अशा उघड्या सांगाड्यावर ८६ टन लावले तर पार्किंगचा मजला ८.५ मिमी सरकतो, त्यावरचा ९.५ आणि मग वर जाताना ८.७, ७.३, ५.३, ३.१. सगळे १२ च्या आत. गच्ची एकूण ४२ मिमी हलते, आणि हे हलणं सहाही मजल्यांत वाटलं गेलंय. रिपोर्टवर "ओके" पडतं ते इथे.

सॉफ्ट स्टोरी आहे का हेही याच कागदावर तपासतात. मजल्यावरचं आडवं बल भागिले त्याचा ड्रिफ्ट, ही त्या मजल्याची ताठरता. पार्किंगची ८६ भागिले ८.५, म्हणजे दर मिलिमीटरला सुमारे १०.१ टन. वरच्या मजल्यावर बल ८५ टन, ड्रिफ्ट ९.५, म्हणून ताठरता ८.९. खालचा मजला वरच्यापेक्षा ताठ निघाला! कोड म्हणतं, ज्याची ताठरता वरच्या मजल्यापेक्षा कमी तो मजला सॉफ्ट. या हिशोबात सॉफ्ट स्टोरी नाहीच.

पण प्रत्यक्षात वरच्या पाच मजल्यांवर प्रत्येक फ्लॅटच्या बाहेरच्या आणि मधल्या भिंती आहेत. कॉलम-बीमच्या चौकटीत घट्ट बसलेली वीट तिरक्या टेकूसारखी काम करते आणि चौकटीला हलू देत नाही. खाली पार्किंगमध्ये मात्र काहीच नाही, नुसते कॉलम. म्हणून २०१६च्या कोडने भिंती तिरक्या टेकूच्या रूपात मॉडेलमध्ये घ्यायची पद्धत दिली आहे. तसं करून तीच इमारत, तेच ८६ टन पुन्हा लावू. पार्किंग ८.१ मिमी. वरचे मजले १.६, १.५, १.३, ०.९, ०.५.

आता नीट बघा. ड्रिफ्ट अजूनही लिमिटमध्येच आहे, उलट पहिल्यापेक्षा कमी. रिपोर्टवर पुन्हा "ओके". पण गच्ची एकूण १३.९ मिमी हलली आणि त्यातले ८.१ मिमी, म्हणजे जवळजवळ ५८ टक्के, एकट्या पार्किंगने सोसले. ताठरता काढली तर पार्किंगची १०.६ आणि वरच्या मजल्याची ८५ भागिले १.६, म्हणजे ५३. खालचा मजला वरच्याच्या एक पंचमांश! उघड्या सांगाड्याच्या हिशोबात न दिसलेली सॉफ्ट स्टोरी भिंती घेतल्याबरोबर समोर येते. इमारत बदलली नाही, फक्त मॉडेल खरं झालं.

आता काकांचा प्रश्न. लिमिटमध्येच आहे तर बिघडलं काय?

बिघडतं ते इथे. हे ८६ टन म्हणजे भूकंपाचं खरं बल नाही. इमारत थोडी वाकेल, सळई ताणली जाईल पण तुटणार नाही, या भरवशावर कोड खऱ्या बलाला ५ ने भागतं. म्हणून खरं हलणं हिशोबातल्यापेक्षा ढोबळमानाने पाचपट. १३.९ चे ७० मिमी. हे ७० मिमी सहा मजल्यांत वाटले गेले असते तर कुणाच्याच वाट्याला फार आले नसते. पण वरचे पाच मजले भिंतींमुळे एका खोक्यासारखे ताठ आहेत, ते सगळे मिळून पाच-सहा मिलिमीटरच्या वर हलत नाहीत. कॉलम आधी खालीच वाकायला लागतात, आणि एकदा ते वाकायला लागले की पुढचं सगळं हलणं तिथेच साठतं. उरलेले सुमारे ६४ मिमी एकट्या पार्किंगच्या कॉलमवर येतात. ३.२ मीटर उंचीवर ६४ मिमी म्हणजे २ टक्के.

कोडच्या मर्यादेत हे गृहीत धरलेलंच आहे. ०.४ टक्क्याची पाचपट २ टक्केच होते. पण ही सूट आयएस १३९२० प्रमाणे बांधलेल्या कॉलमला आहे. त्यात कॉलमच्या दोन्ही टोकांना रिंगा १०० मिमी किंवा त्याहून जवळ हव्यात आणि रिंगेचं टोक १३५ अंशांत आत, काँक्रीटमध्ये वळवलेलं हवं. आपल्या जुन्या इमारतींत २०० मिमीवर रिंग आणि ९० अंशांचा हुक सर्रास सापडतो. असा कॉलम २ टक्के वाकला की वरचं कव्हर सुटतं, रिंग उघडते, उभी सळई बाहेर फुगते आणि कॉलम बसतो. वर पाच मजल्यांचं वजन असतंच. शिवाय हा हिशोब डिझाइनच्या हादऱ्याचा झाला. झोनसाठी कोडने धरलेला सगळ्यात मोठा हादरा याच्या दुप्पट आहे.

हे कागदावरचं भय नाही. २६ जानेवारी २००१ ला भूकंपाचं केंद्र कच्छमध्ये, भुजजवळ होतं. अहमदाबाद तिथून दोनशे किलोमीटरहून लांब, आणि पुण्यासारखंच झोन ३ मध्ये. तरी तिथे शंभराहून अधिक इमारती पडल्या, आणि त्यात खाली मोकळं पार्किंग असलेल्या बऱ्याच होत्या. कितीतरी ठिकाणी वरचे मजले जवळजवळ अखंड खाली उतरून बसले होते. वरच्या भिंतींना फारशी तडाही नाही आणि पार्किंगचा मजला गायब! आपल्याकडे कोयनानगर फार दूर नाही, आणि १९९३ चं किल्लारी तर त्या वेळच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये होतं.

मग तुमच्या सोसायटीने काय बघायचं? ऑडिट तर बायलॉजप्रमाणे करावंच लागतं, पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांनंतर दर तीन वर्षांनी. पण बहुतेक ऑडिट गंज, गळती, तडे आणि हातोड्याच्या टेस्टवर संपतं. रिपोर्ट हातात आला की तीन गोष्टी मागा. एक, प्रत्येक मजल्याचा ड्रिफ्ट आणि ताठरता वेगवेगळी दाखवणारा तक्ता. नुसतं "मॅक्झिमम ड्रिफ्ट ओके" चालणार नाही. दोन, हा तक्ता विटांच्या भिंती मॉडेलमध्ये घेऊन केलेला हवा. तीन, पार्किंगच्या दोन-तीन कॉलमच्या टोकांशी रिंगा किती अंतरावर आहेत ते स्कॅन करून, गरज पडली तर कव्हर थोडं उघडून, लिहून द्या. तक्त्यात एका मजल्याचा आकडा बाकीच्यांच्या चार-पाच पट दिसला, तर लिमिटकडे बघू नका, त्या आकड्याकडे बघा.

उपाय आहे, आणि तो इमारत पाडण्याइतका महाग नाही. २००२ चं कोड अशा मजल्याचे कॉलम-बीम अडीचपट बलासाठी डिझाइन करायला सांगायचं. २०१६ चं कोड मोकळ्या मजल्यात काँक्रीटच्या भिंती किंवा ब्रेसिंग मागतं, आणि त्या मजल्याची ताठरता वरच्याच्या ८० टक्क्यांपेक्षा जास्त हवी म्हणतं. आपल्या नमुन्यात ५३ चे ८० टक्के म्हणजे ४२. आज आहेत १०.६. म्हणजे चौपट करायचीय. हे नुसते कॉलम जाड करून जमत नाही, लांबी आणि रुंदी दोन्ही दिशांना काही खणांत पायापासून काँक्रीटच्या भिंती उचलाव्या लागतात. त्या दोन्ही बाजूंना सारख्या हव्यात. सगळ्या एकाच कोपऱ्यात घातल्या तर इमारत डोलण्याबरोबर पिळवटते आणि नवा त्रास ओढवतो. खालच्या मजल्यावर मागे सलग भिंत आणि पुढे शटरची दुकानं असलेल्या इमारतींचं दुखणं हेच.

माझं म्हणणं एवढंच की हा प्रश्न सोसायट्यांच्या शहाणपणावर सोडून चालणार नाही. स्टिल्ट पार्किंग एफएसआयमध्ये धरलं जात नाही, म्हणून प्रत्येक बिल्डरने ते केलं आणि प्लॅन मंजूरही झाले. मंजुरी देणाऱ्या महापालिकेने आता ऑडिटच्या फॉर्ममध्ये मजलानिहाय ड्रिफ्टचा, भिंतींसकटचा, एक तक्ता सक्तीचा करावा. एका पानाचं काम आहे. त्या पानावर कुठल्या इमारतीचा कुठला मजला सगळं हलणं एकटा सोसणार आहे, ते आधी कळेल.

त्या मीटिंगमधल्या काकांना मी शेवटी एवढंच विचारलं, "काका, चार गाड्यांची जागा जाईल म्हणता. पण ज्या मजल्यावर गाड्या आहेत, त्याच्यावरच तुमचा फ्लॅट उभा आहे ना?" ते काही बोलले नाहीत. पुढच्या मीटिंगला तक्ता मागवायचा ठराव मात्र त्यांनीच मांडलाय.